डबीचं चाक

भुताला घाबरणारी माणसं पदरमोड करून भुताचे खेळ विकत का घेतात, हे कोडं ताईच्या आईला कधी सुटलं नाही. सुट्टीच्या दिवशी जेवणं आटोपली की ताई आतल्या खोलीत कॉम्प्युटरसमोर बसायची, डोक्यावर हेडफोन चढवायची आणि तासभर स्वतःची पाचावर धारण बसवून घ्यायची. चष्म्याच्या दुकानात आठवडाभर काचा घासून फ्रेममध्ये बसवणारी ही शहाणीसुरती बाई, पण पडद्यावर नुसता दिवा मिचमिचला की "अगं आई गं" म्हणून खुर्चीत पाय वर घ्यायची. आई स्वयंपाकघरातून म्हणायची, "मी इथेच आहे. हाक मारायला काय झालं?"

खरं सांगायचं तर ताई भुतासाठी खेळतच नव्हती. ती खेळायची धाकटीसाठी. धाकटीला सगळे बबडी म्हणत. बबडी आता दुसऱ्या शहरात एकटी राहत होती, दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात, आणि तिचा पत्ता ताई आणि आईशिवाय नात्यात कुणाला ठाऊक नव्हता. तो कुणाला कळू दिलाच नव्हता. नवऱ्याचं घर सोडण्याआधी बबडीचं मनगट दोनदा मोडलं होतं, आणि दोन्ही वेळा ती जिन्यावरून पडली असं जावयाने डॉक्टरांना सांगितलं होतं. त्यांच्या घराला जिनाच नव्हता. त्या माणसाला हा पत्ता कळू नये, एवढीच एक गोष्ट ताई गेलं वर्षभर जिवापाड जपत होती. आईचं मत थोडं वेगळं होतं. भांड्याला भांडं लागायचंच, पदरी पडलं ते पवित्र झालं, असं ती अधूनमधून कुणालाही न उद्देशून म्हणायची. ताई तिकडे कानाडोळा करायची.

तर भेटीगाठी नाहीत, फोनवर नुसतं "जेवलीस का" आणि "बरी आहेस ना" याच्यापुढे गाडी जायची नाही, म्हणून हा खेळ. बंद पडलेलं एक मोठं हॉस्पिटल, त्यात दोन बायका, आणि एक मेलेला रखवालदार. हॉस्पिटलभर पडलेले फ्यूज गोळा करून तळघरातल्या वीजखोलीत नेऊन बसवायचे. रखवालदार अनवाणी फिरतो. तो दिसला म्हणजे उशीर झालेला असतो, त्यामुळे तो ऐकावा लागतो. त्याची पावलं मात्र इतकी हलकी की श्वास रोखला तरच कळावी.

इथेच ती डबी कामाला यायची. दोघींच्या हेडफोनच्या वायरीवर, मांडीवर येईल अशा बेताने, काड्यापेटीएवढी काळी डबी होती. तिला आवाज कमीजास्त करायचं एक चाक, माईक बंद करायची एक खिटी, आणि बाजूला आणखी एक चाक. या दुसऱ्या चाकाच्या एका टोकाला खेळाचं चित्र, दुसऱ्या टोकाला बोलण्याच्या फुग्याचं. चाक मधल्या खाचेत असलं की खेळ आणि बोलणं दोन्ही पुरेपूर ऐकू येतात. खेळाकडे सरकवत नेलं की बोलणं कमी होत होत टोकाला पार नाहीसं होतं, आणि उलट नेलं की खेळ मुका होतो. पहिले कित्येक दिवस ताईचं चाक नुसतं शोभेला होतं, कारण तिने कॉम्प्युटरमध्ये खेळ आणि गप्पा दोन्ही एकाच वाटेने सोडले होते. चाक फिरवलं की दोन्ही एकदम गायब. बबडीने फोनवरून सांगून दोन वाटा वेगळ्या करवून घेतल्या, खेळाची खेळाला आणि गप्पांची गप्पांना, तेव्हा कुठे गाडं रुळावर आलं. "काचेचा नंबर बिनचूक काढतेस आणि हे जमत नाही?" बबडी हसली होती. वर्षभरातलं तिचं ते पहिलं हसणं, म्हणून ताईने मुद्दाम आणखी दोनदा चुकवून दाखवलं.

मग दोघींनी आपली एक रीत बसवली. एकीने कान व्हायचं, दुसरीने हात. हात असलेली फ्यूज उचलते, दारं उघडते, तिचं चाक मधोमध. कान असलेली आपलं चाक खेळाकडे टोकाला नेते, म्हणजे दुसरीचं हाय-हुय तिच्या कानात येत नाही आणि रखवालदाराचं पाऊल चुकत नाही. कान फक्त बोलतो, दुसरीचं ऐकत नाही: डावीकडून येतोय, थांब, आता चल. हाताला काही सांगायचंच असेल तर खेळातली बॅटरी मिचकवायची. दोनदा म्हणजे कळलं. तीनदा म्हणजे तुझ्या मागे आहे. कान बहुतेक वेळा बबडीच व्हायची, कारण ताईच्या किंकाळ्यांपुढे कुणाचंच काही चाललं नसतं. बबडी माईकशी कुजबुजायची, आणि गप्पांच्या ॲपमधली गोंगाट गाळायची सोय ती कुजबूज पण गाळून टाकते म्हणून दोघींनी ती बंदच ठेवली होती. माईक सतत उघडा. तिच्या घरातला पंखा, खुर्चीची कुरकुर, सगळं ताईला ऐकू यायचं. ताईला ते आवडायचं. धाकटीच्या शेजारी बसल्यासारखं वाटायचं.

त्या दिवशी भर दुपार होती. बाहेर लख्ख ऊन, खिडकीखाली कुणीतरी स्कूटर धूत होतं, आणि ताई पडद्यावर दुसऱ्या मजल्याच्या काळोख्या बोळातून चार फ्यूज घेऊन चालली होती. बबडी कान होती.

"उजवीकडे आहे, पण लांब," बबडी कुजबुजली. "जिन्यापाशी. चल तू."

ताई चालली. आणि तिला पावलं ऐकू आली.

तिने थबकून बॅटरी फिरवली. कुणी नाही. पावलं हलकी होती, सावकाश, दोन टाकून थांबणारी. बबडी मात्र गप्प. बबडीच्या कानातून निसटलेलं पाऊल आपल्याला कसं ऐकू आलं, याचंच ताईला नवल वाटलं. नवल वाटलं म्हणून तिने सवयीने पडद्यावर डावीकडे तोंड केलं, मग उजवीकडे. रखवालदाराची पावलं अशा वेळी एका कानातून दुसऱ्या कानात सरकतात, त्यावरूनच तो कुठे आहे ते कळतं. ही पावलं सरकली नाहीत. ताई जिकडे वळेल तिकडे ती दोन्ही कानांच्या बरोबर मध्ये, डोक्याच्या आत वाजत राहिली.

डोक्याच्या मध्ये फक्त बबडी बोलते. खेळाचा आवाज दिशेने येतो, माणसाचा आवाज मधोमध येतो.

काहीतरीच काय, असं ताई स्वतःशी म्हणाली. बबडी उठली असेल पाणी प्यायला. पण पडद्यावर बबडीची बाई हळूहळू पुढे सरकत होती, म्हणजे बबडीची बोटं तिकडे बटणांवर होती. कदाचित तिच्या हेडफोनमधला खेळाचा आवाज झिरपून तिच्याच माईकमध्ये जात असेल, असं कधीकधी होतं. तसं असेल तर बरंच. ताईने डबी हातात घेतली. तिने चाक खेळाकडे टोकाला नेलं. हॉस्पिटल कानात भरून आलं, गळका नळ, लांब कुठेतरी कर्रकन वाजणारी झडप. पावलं नाहीत. तिने चाक उलट, बोलण्याच्या टोकाला नेलं. हॉस्पिटल पुसून गेलं, नळ गेला, झडप गेली. उरला बबडीच्या घरातला पंखा, आणि पंख्यामागे पावलं.

त्यात आणखी एक आवाज मिसळला. कुणीतरी दोनदा खाकरलं. आधी छोटं, मग मोठं.

हे खाकरणं ताईने लग्नाच्या मांडवात ऐकलं होतं, आणि नंतर कितीतरी जेवणांत, प्रत्येक गोड बोलण्याच्या आधी. जावई बोलण्यापूर्वी असंच खाकरायचा.

"बबडे," ती माईकमध्ये म्हणाली. मग ओरडली, "बबडे, मागे बघ. घरात कुणीतरी आलंय. बबडे."

"डावीकडे वळतोय हं तो," बबडी निवांतपणे कुजबुजली. "थांब जरा."

ती ऐकतच नव्हती. ऐकणार कशी? तिचं चाक खेळाच्या टोकाला होतं, कान गच्च झाकलेले होते, आणि मेलेल्या माणसाची पावलं टिपायला ती जिवाचा कान करून बसली होती. जिवंत माणूस तिच्या घरात फिरत होता तो तिला ऐकू येत नव्हता, आणि शेकडो मैलांवर बसलेल्या बहिणीला येत होता. या कर्माला काय म्हणावं? रीत दोघींनी मिळून बसवली होती, आणि फार हुशारीने बसवली होती.

ताईने मोबाईल उचलला आणि बबडीला फोन लावला. खेळताना बबडी मोबाईल स्वयंपाकघरात ठेवायची, परक्या नंबरांवरून फोन यायचे म्हणून. हे ताईला माहीत होतं, तरी तिने लावला, कारण दुसरं काही सुचत नव्हतं. हेडफोनमध्ये, पंख्यापलीकडे, लांबवर फोन वाजताना ऐकू आला. पावलं थांबली. मग ती वळली आणि फोनच्या दिशेने गेली. फोन आणखी दोनदा वाजला. आणि मध्येच तोडला गेला.

ताईच्या हातातला मोबाईल मुका झाला. तिकडे कुणीतरी आत्ता, या क्षणी, तिचं नाव पडद्यावर वाचलं होतं. आपण ओरडलो ते वाया गेलं, पण हा फोन त्याच्यापर्यंत पोचला, आणि आता तो घाई करणार.

तिने चाक मध्ये आणलं, पडद्यावर बबडीच्या बाईकडे धाव घेतली आणि तिच्या तोंडावर बॅटरी मारली. मिचक, मिचक, मिचक. पुन्हा तीनदा.

"मागे?" बबडी म्हणाली. पडद्यावरची बाई गर्रकन मागे फिरली. "कुठेय? काहीच नाहीये, ताई. मला पाऊलसुद्धा ऐकू येत नाहीये."

मिचक, मिचक, मिचक.

"नाहीये गं. तू पण ना, उगाच घाबरवतेस." आणि बबडी हसली. ते हसणं ताईला सहन होईना. एरवी याच हसण्यासाठी तिने काय वाटेल ते केलं असतं.

पावलं स्वयंपाकघरातून निघाली. आता ती सावकाश नव्हती.

ताईचं डोकं कुठेतरी चालू होतं. बबडीच्या कानात फक्त खेळ पोचतो. मग बोलायचं तर खेळातूनच बोलायला हवं, आणि खेळात एकच शब्द असा होता जो बबडी भुताच्या खात्यावर घालणार नाही. खेळ ताईच्या कॉम्प्युटरवर मांडलेला होता. ती उठली की दोघींचा डाव मोडतो. तिने बटण दाबलं. "डाव सोडायचा का?" पडद्याने विचारलं. तिने हो म्हटलं.

हॉस्पिटल विझलं. सुरुवातीचा पडदा आला आणि त्याचं ते भेसूर संगीत.

"अरेच्चा," बबडी म्हणाली. "नेट गेलं का तुझं? थांब, चाक फिरवते." खरखर झाली. "हं, बोल."

"बोलू नकोस," ताई म्हणाली. आपला आवाज इतका शांत कसा निघाला, ते तिलाही कळलं नाही. "घरात तो आलाय. हेडफोन टेबलावर ठेव, ऊठ, खोलीच्या दाराला आतून कडी घाल. आत्ता. मग परत ये."

बबडीने एक शब्द विचारला नाही. तो कोण, असं विचारलं नाही. वर्षभर ती याच वाक्याची वाट बघत असल्यासारखी उठली असणार. हेडफोन टेबलावर आदळल्याचा आवाज ताईच्या कानात फुटला. खुर्ची मागे सरकली. अनवाणी पावलं, खरीखुरी, धावणारी. तिकडून दुसरी पावलं. मग लोखंडावर लोखंड, एक घासणारी, अडखळती कडी. ती एका दमात बसेना. ताईने डोळे मिटून घेतले. कडी बसली, आणि लगेच दारावर काहीतरी धडकलं.

मग खाकरणं, छोटं आणि मोठं.

"अगं, मी आहे," दारापलीकडून आवाज आला. बारीक, दबलेला, पण शब्द कळत होते. "घाबरलीस की काय? बोलायला आलोय फक्त. उघड."

बबडी माईकपाशी परत आली होती. तिचा श्वास ताईच्या कानात इतका जवळ होता की ताईला तो आपलाच वाटला. "ताई," ती कसंबसं म्हणाली, "फोन बाहेर राहिला माझा."

"माहितीये. मी आहे. हेडफोन काढू नकोस आता."

"त्याने कुलूप कसं उघडलं गं? मी दोनदा फिरवलं होतं."

ताईने हेडफोनची एक वाटी कानावरून मागे सरकवली आणि त्या कानाला मोबाईल लावला. बबडीच्या इमारतीत खालच्या मजल्यावर जिम चालवणारी एक बाई राहायची. ताई तिला कधी भेटली नव्हती, पण अडीअडचणीला म्हणून तिचा नंबर घेऊन ठेवला होता. जिमवालीने सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही "अरे बापरे" म्हटलं नाही. "मी समोरच्या दुकानात आहे. जिममधली दोन पोरं सोबत घेते आणि येते," ती म्हणाली. "पोलिसांना पोराच्या फोनवरून लावते. दार उघडायचं नाही म्हणावं, माझा आवाज ऐकल्याशिवाय." फोन तिने चालूच ठेवला. तिकडून रहदारी ऐकू येऊ लागली.

एका कानात रहदारी, एका कानात जावई. खेळाचं भेसूर संगीत अजून चालूच होतं, आणि त्याखाली तो काय बोलतोय ते बुडत होतं. ताईने चाक बोलण्याकडे टोकाला ढकललं. संगीत गेलं.

"कुलूप फोडून नाही आलो काही," तो म्हणत होता. "चोर नाहीये मी. आईंनी दिली किल्ली. पत्ता त्यांनीच दिला. विचार हवं तर. त्यांनाही वाटतं, झालं गेलं विसरावं."

ताईने मान वळवली. आई दारात उभी होती. ओरडणं ऐकून आली असावी, हातात अजून पुसायचं फडकं होतं.

"काय झालं गं एवढं?"

"किल्ली तू दिलीस?"

आईने नाही म्हटलं नाही. "पोचला का तो?" ती म्हणाली. "मागच्या आठवड्यात आला होता, तू दुकानात होतीस तेव्हा. इथेच बसून रडला, ताई. पुरुषमाणूस, हमसून हमसून रडला. म्हणाला, एकदा समोरासमोर बोलू द्या, पाया पडतो तिच्या. ती फोन घेत नाही, दार उघडत नाही, मग बोलायचं कसं त्याने? तुझ्या कपाटातली तिच्या घराची जादाची किल्ली..." ती थांबली. "मी तिच्या भल्यासाठीच केलं. एकट्या बाईचं आयुष्य का असतं? तो आता सुधारलाय."

ताईला भयंकर राग आला. इतका की फडक्यासकट आईला गदागदा हलवावं असं वाटलं. ओठांवर शंभर वाक्यं आली. वर्षभर जपलेली एक गोष्ट, आणि ती कपाटातून घरच्याच माणसाने काढून दिलेली. कुंपणानेच शेत खाल्लं म्हणायचं, दुसरं काय. पण भांडायला वेळ नव्हता, आणि भांडून आईला आजवर काही पटलं नव्हतं. मनगटाची गोष्ट तिने दोनदा ऐकली होती, आणि दोन्ही वेळा तिला जिनाच दिसला होता.

ताईने डोक्यावरचा हेडफोन काढला आणि आईच्या डोक्यावर चढवला. आईने हात वर केला, तो तिने खाली दाबला. मग डबी घेऊन आवाजाचं चाक वरपर्यंत नेलं.

"ऐक," ती म्हणाली. "तो सुधारलाय ना? ऐक मग."

आता ताईला काहीच ऐकू येत नव्हतं. मोबाईलमधून रहदारी, कुणाची तरी धाप, "चल, चल" असं म्हणणारी जिमवाली. त्यापलीकडे फक्त आईचा चेहरा होता. आईने आधी भुवया जरा उंचावल्या, ओळखीचा आवाज आला की माणूस उंचावतो तशा. ओठ किंचित हसायच्या बेतात आले. तो अजून गोड बोलत असणार. मग ओठ जागच्या जागी थांबले. आईची मान एकदम मागे गेली, कुणी तोंडासमोर हात उगारावा तशी, आणि ताईला कळलं की तिकडे दारावर लाथ बसली. दुसऱ्यांदा मान मागे गेली. तिसऱ्यांदा गेली नाही, आईने डोळे घट्ट मिटून घेतले होते. तो काय म्हणत होता देव जाणे. आईच्या चेहऱ्यातलं रक्त उतरत गेलं, फडकं हातातून पडलं, आणि तिने दोन्ही हातांनी हेडफोनच्या वाट्या कानांवर दाबून धरल्या. काढायला नाही, अजून नीट ऐकायला.

ताईला वाटलं, पुरे झालं. म्हाताऱ्या बाईला असं करायला नको होतं. तिने हात पुढे केला. आईने तो झिडकारला.

माईक आईच्या ओठांसमोर आला होता. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, तरी तिने त्याच्या जवळ तोंड नेलं.

"बबडे," ती म्हणाली. "मी आई. दार उघडू नकोस."

तिकडून काहीतरी उत्तर आलं असावं. आईच्या डोळ्यांतून पाणी सुटलं, पण आवाज उलट घट्ट झाला.

"काही म्हणू दे त्याला. मी सांगते म्हणून उघडू नकोस. टेबल सरकतं का तुझं? दाराला लाव. लाव आधी, मग बोल."

मोबाईलमध्ये जिन्यावर बरेच पाय वाजू लागले. मग आरडाओरडा. एक पुरुषाचा आवाज, "तुमचा काय संबंध?" आणि त्यावर जिमवालीचा, असा की तो रोज जड वजनं उचलणाऱ्यांनाच दटावायला घडलेला असावा. काहीतरी कोसळलं. "धरलाय," मोबाईलमध्ये कुणीतरी धापा टाकत म्हणालं. "बाहेर काढलाय त्याला. पोलीस खाली आलेत. सांगा तिला, उघड म्हणावं."

ताई मटकन पलंगावर बसली. "आई," ती म्हणाली, "ती माणसं आली. धरलं त्याला. बबडीला सांग, उघड आता."

आईने मान हलवली. डबी तिने ताईच्या हातातून काढून स्वतःच्या मुठीत घेतली होती, अंगठा चाकावर ठेवून, जणू ते चाक हललं तर दारही हलेल.

"थांब, बबडे," ती माईकमध्ये म्हणाली. "उघडायची घाई नको. त्याने आधीही गोड आवाज काढला होता."

ती ऐकत राहिली. पंखा, टेबल, बबडीचं रडणं, दारापलीकडची माणसं, एकेक आवाज वेगळा करून ती पारखत होती. ताईने इतकी वर्षं आईला कुणाचं काही एवढं लक्ष देऊन ऐकताना पाहिलं नव्हतं. तिने मोबाईलमध्ये जिमवालीला सांगितलं की दारापाशी जाऊन स्वतःच्या तोंडाने काहीतरी बोला, आमच्या आईला ऐकायचंय.

आईने डोळे मिटले.

"बाईच आहे," ती शेवटी म्हणाली. "तो नाहीये तिथे. आता उघड, माझ्या सोन्या. मी ऐकतेय."